देवदर्शन आणि विश्वास: अहवालातलं एक वाक्य

नाशिकच्या आमच्या सर्वेक्षणाच्या मसुद्यात पहिलंच वाक्य होतं: ‘नियमित देवदर्शनामुळे लोकांचा एकमेकांवरचा विश्वास वाढतो.’ प्रसिद्धीपत्रकात तेच ठळक जाणार होतं. आकडे बरोबर होते, पण त्यांतून हे वाक्य निघत नव्हतं. सर्वेक्षण एकदाच झालेलं. कुणाचा विश्वास आधी किती होता हे विचारलेलंच नव्हतं, मग तो वाढला हे कळणार कसं?

विश्वासाचा प्रश्न जगभर वापरतात तोच: बहुतेक लोकांवर विश्वास ठेवता येतो, की जपूनच वागावं लागतं? दुसरा प्रश्न, धार्मिक स्थळी किती वेळा जाता. रोज काळारामाचं एकट्यानं दर्शन घेऊन पाच मिनिटांत निघणारा इथे वरच्या गटात येतो. वर्षातून एकदाच, पण सप्ताहात आठवडाभर शेजाऱ्यांबरोबर पंगती वाढणारा तळाला जातो. घरीच नमाज पढणाऱ्या बायका ‘कधीच नाही’मध्ये. म्हणून ‘धार्मिकता’ हा शब्द काढून आम्ही ‘भेटींची वारंवारता’ लिहिलं.

खरा गुंता वास्तव्याचा होता. जुन्या वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या राहणारे देवळात जास्त जातात आणि शेजारपाजार ओळखीचा असल्यानं विश्वासही जास्त ठेवतात. सातपूर-अंबडला कामासाठी नुकतेच आलेले दोन्हींत कमी. हे किती फसवतं ते सहकाऱ्यांना पटवायला मी फळ्यावर काल्पनिक आकडे मांडले. नियमित जाणारे १००, त्यांत जुने रहिवासी ८०. न जाणारे १००, त्यांत जुने ४०. जुन्यांपैकी ६० टक्के आणि नव्यांपैकी ३० टक्के विश्वास ठेवतात, देवळात जावोत वा न जावोत. बेरीज केली की जाणाऱ्यांत ५४ आणि न जाणाऱ्यांत ४२ निघतात. देवळाचा काडीचा संबंध नसताना १२ टक्क्यांचा फरक!

आमच्या खऱ्या तक्त्यात वास्तव्यानुसार गट पाडल्यावर फरक बराच घटला, पण संपला नाही. तेव्हा एकानं ओळखीपाळखींची संख्याही समीकरणात घालायला सांगितलं. मी ठाम नकार दिला. देवळात जाण्यानं ओळखी होत असतील आणि ओळखींमुळे विश्वास, तर ओळखी स्थिर धरून आपण तोच परिणाम पुसून टाकू. उलट, ज्यांना माणसांवर मुळातच भरवसा आहे तेच गर्दीत जात असतील, ही शक्यता कुठल्याच समीकरणानं मिटत नाही. सॉफ्टवेअरमध्ये मिळेल तो रकाना ओतायची सवय मला घातक वाटते.

छापलेलं वाक्य असं: ‘आठवड्यातून किमान एकदा धार्मिक स्थळी जाणाऱ्यांमध्ये इतरांवर विश्वास ठेवणाऱ्यांचं प्रमाण जास्त आढळलं. वास्तव्याचा काळ लक्षात घेतल्यावर हा फरक कमी होतो. उरलेल्या फरकाचं कारण या सर्वेक्षणातून ठरवता येत नाही.’ वरिष्ठांना तिसरं वाक्य तळटीपेत हवं होतं. बातमीदार तळटीप उचलत नाहीत, म्हणून ते पहिल्या परिच्छेदातच राहावं यासाठी मी अडून बसलो.