दोनदा परत आलेली पगारवाढीची नोट

माझ्या टीममधल्या एका मुलीला अ‍ॅप्रेजलची वाट न बघता पगारवाढ मिळावी म्हणून मी एचआरला नोट लिहिली. माझ्या साहेबांनी ती त्याच दिवशी पुढे पाठवली. पुढचे पाच आठवडे ती एचआरमध्ये अडकली, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

पहिलं उत्तर एका ओळीचं होतं: काम चांगलं आहे, अ‍ॅप्रेजलमध्ये बघू. मी चिडून नोटमध्ये आणखी कौतुक घातलं. तीही परत आली. शेवटी पगाराचे ग्रेड बघणाऱ्या मॅडमना फोन केला तेव्हा कळलं, की चांगल्या कामासाठी वार्षिक वाढ असतेच. मधेच द्यायची तर ती आत्ताच का, एवढंच त्यांना हवं असतं. हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर तीन आठवडे वाचले असते.

तिसऱ्या नोटमध्ये मी कौतुकाची दोनच वाक्यं ठेवली. तिचा सीनियर सोडून गेल्यावर महिनाअखेरचं क्लोजिंग आणि दोन नवख्यांचं काम तपासणं तिच्याकडे आलं, त्याला सात महिने झाले. तिच्या ग्रेडमधला मधला पगार 100 धरला, तर तिचा 82 होता. एक जण सोडला तर बाकीचे 95 ते 102 मध्ये. 12 टक्के वाढ दिली तर ती जेमतेम 92 ला पोचत होती.

तरी गाडी पुन्हा अडली. जो एक जण सोडला म्हटलं, तो 84 वर होता, आणि 'हिला दिली तर तो मागेल' हा त्यांचा मुद्दा. मी तो लपवायला गेलो नाही. तो वर्षभरापूर्वीच आला, त्याचं काम वाढलेलं नाही, असं सरळ लिहिलं. हे मी आधीच लिहायला हवं होतं, कारण ते लोक सगळ्यांचे पगार शेजारी शेजारी मांडूनच बघतात.

फायनान्सचा प्रश्न मात्र रास्त वाटला. सीनियरच्या रिकाम्या जागेतून वाचलेल्या पैशांतून ही वाढ द्या असं माझं म्हणणं होतं, पण ते पैसे ती जागा भरली की संपतात, पगारवाढ कायमची राहते. ती जागा एक ग्रेड खाली भरायची असं ठरलं, तेव्हा सही झाली.

मंजुरीआधी तिला काही बोललो नाही, ते बरं केलं. 'नाहीतर ती जाईल' असंही लिहिलं नाही. तिच्याकडे दुसरी ऑफर नव्हती, आणि त्यांनी पुरावा मागितला असता. या वाढीमुळे तिची वार्षिक वाढ कापली जाणार का, हे मात्र लेखी विचारून घ्या. आमच्याकडे कापणार होते. खूप भांडल्यावर निम्मी राहिली.

पत्र पुढच्या महिन्याच्या 1 तारखेपासूनचं आलं. मागच्या सात महिन्यांचा फरक मागितला, तो दिला नाही.