इंडोनेशियात मोदक कोण बघतंय?

गणपतीच्या आधीची गोष्ट. नारायण पेठेतल्या एका काकूंचा यूट्यूबवर रेसिपी चॅनल आहे, त्याचं एडिटिंग मी करतो. सकाळी दहाला त्यांचा फोन आला, "अरे, आपले उकडीचे मोदक इंडोनेशियात चाललेत! तिथल्या भाषेत सबटायटल करून घेऊया का?" भाषांतर करणारा शोधायलाही त्यांनी भाच्याला सांगून ठेवलं होतं.

मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेलो. यूट्यूब स्टुडिओच्या अ‍ॅनालिटिक्समध्ये तो व्हिडिओ उघडून `Advanced mode` मध्ये `Geography` लावलं. काकू म्हणत होत्या ते खोटं नव्हतं. भारत 19,000 व्ह्यूज, त्याखाली इंडोनेशिया 7,200 आणि तिसरी अमेरिका, 1,800. मग मी `Watch time (hours)` च्या रकान्यावर क्लिक करून त्या क्रमाने यादी लावली. भारत 950 तास, अमेरिका 200 आणि इंडोनेशिया फक्त 40. म्हणजे अकरा मिनिटांच्या व्हिडिओत अमेरिकेतला माणूस सरासरी 6 मिनिटं 40 सेकंद थांबत होता, इंडोनेशियातला 20 सेकंद. वीस सेकंदांत आमची उकडसुद्धा सुरू होत नाही.

एवढे लोक येऊन लगेच का जातात, हे बघायला मी इंडोनेशियाचा फिल्टर लावून ट्रॅफिक सोर्स उघडला. जवळजवळ सगळे व्ह्यूज `YouTube advertising` मधून आलेले. मागच्या आठवड्यात भाच्याने प्रमोशन लावलं होतं आणि देश निवडायचा राहून गेला होता. तसं झालं की पैसे जिथे क्लिक स्वस्त मिळतो तिकडे वाहतात. काकूंचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, पण सबटायटलचा खर्च वाचला हे बरं झालं.

आता अमेरिका. हा रिपोर्ट देश ठरवतो तो मुख्यतः आयपी पत्त्यावरून. बघणारा मराठी आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. म्हणून अमेरिकेचा फिल्टर ठेवून सबटायटलचा रिपोर्ट पाहिला. इंग्रजी सबटायटल असूनही बहुतेकांनी ती न लावताच व्हिडिओ पाहिला होता. म्हणजे भाषा त्यांना कळत होती. मग मी व्हिडिओखालच्या कमेंट वाचल्या, तर एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलेला: "काकू, तुमची वाटी म्हणजे किती कप?"

काकू उठल्या, ओट्यावरची स्टीलची वाटी पाण्याने काठोकाठ भरली आणि मापाच्या भांड्यात ओतली. 150 मिली. अमेरिकेतला कप साधारण 240 मिलीचा. पिठी, पाणी, खोबरं सगळंच कपाने घेतलं तर प्रमाण बिघडत नाही, पण मोदक दीडपटीहून जास्त होतात, आणि अर्धं वाटीने, अर्धं कपाने घेतलं तर उकड फसते.

प्रमोशन तिथेच थांबवलं. वर्णनात पहिल्याच ओळीत "1 वाटी = 150 मिली" लिहिलं. दर कमेंटला उत्तर मात्र काकूंनी स्वतः दिलं, दुपारचं जेवण बाजूला ठेवून.