चार्टवर ५०० प्लस, अंथरुणात मात्र ओल

आतड्याच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस होता, पेशंटचं वजन ६० किलो. सकाळी आठला हँडओव्हर घेताना शरीरात किती पाणी गेलं आणि किती बाहेर आलं ते दाखवणारा आय-ओ चार्ट चांगलाच दिसत होता. बारा तासांत सलाईन १२०० मिली, लघवी ४८०, नाकातून पोटात घातलेल्या रायल्स ट्यूबमधून २००, ऑपरेशनच्या जागेचा स्राव बाहेर काढणाऱ्या ड्रेनमधून २०. बॅलन्स ५०० प्लस.

मला खटकला तो ४८० चा एकच आकडा. युरोबॅग पहाटे सहाला एकदाच रिकामी केली होती. सरासरी काढली तर तासाला ४० मिली येतात आणि ६० किलोच्या माणसाला किमान ३० पुरतात, म्हणून कोणाला शंका आली नाही. पण त्यातली बरीचशी लघवी मध्यरात्रीपूर्वीच झालेली असू शकते, आणि सरासरीत ते कळत नाही. मी युरोमीटर लावून दर तासाला मोजायला घेतलं. नऊला २० मिली भरली, दहाला १५, तीही गडद. नळी कुठे मुडपली नव्हती, ओटीपोटही फुगलेलं नव्हतं. म्हणजे कॅथेटर चालू होता, लघवीच कमी होत होती. नाडी ९२ वरून ११२ वर गेली होती, बीपी मात्र अजून ११०/७०.

कूस बदलताना हाताला ओल लागली. ड्रेनच्या तोंडाशी पॅड भिजून जड झालं होतं, चादरही ओली होती. चार्टवर त्याबद्दल "ड्रेसिंग सोकेज ++" एवढंच. अशा खुणांची बेरीज कशी करायची? मी ओले पॅड आणि चादर वजनकाट्यावर ठेवली, तेवढ्याच कोरड्यांचं वजन वजा केलं. ४५० ग्रॅम भरलं, म्हणजे साधारण ४५० मिली. रात्री बदललेली दोन ड्रेसिंग तर न मोजताच कचऱ्यात गेली होती. ड्रेनमध्ये २० मिली आलं म्हणून स्राव कमी झाला असं सगळ्यांनी धरलं. प्रत्यक्षात ड्रेन तुंबला होता आणि पाणी नळीच्या कडेने बाहेर पडत होतं.

डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, "अहो सिस्टर, बॅलन्स तर ५०० प्लस आहे ना?" मी तासाचे आकडे, नाडी आणि काट्यावरचं वजन सांगितलं, तेव्हा ते लगेच आले. त्यांनी ड्रेन मोकळा केला, बाटलीत २२० मिली उतरलं. ५०० मिली सलाईन अर्ध्या तासात दिलं. पुढच्या तासाला लघवी २५ आणि त्यानंतर ४५ झाली.

रात्रीच्या सिस्टर एकट्या वीस पेशंट बघत होत्या. एवढ्या पेशंटला एकच माणूस ठेवायचा आणि दर तासाची नोंद मागायची, हे मला पटत नाही. तरी मोजमाप झालं नसेल तर रकान्यात आकडा न भरता "मोजलं नाही" असं लिहावं, हे मी विद्यार्थिनींना हट्टाने सांगते. "++" वाचून पुढची सिस्टर निर्धास्त होते, मीही जवळजवळ झालेच होते.

त्या रात्री लघवी नेमकी किती वाजता कमी झाली, ते मात्र कधीच कळलं नाही. दर तासाला बॅग पाहिली असती तर कदाचित दोनलाच तासाचे १५ दिसले असते.