एकाच तक्त्यात दोन अप्रोच

कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यानं आपल्या चिलर प्लांटची माहितीपुस्तिका आणि रोजचा नोंदतक्ता मराठीत करायचं काम माझ्याकडे दिलं होतं. प्लांट फार मोठा नाही. २०० टन क्षमतेचा एक वॉटर-कूल्ड चिलर, म्हणजे कारखान्यासाठी पाणी गार करून त्यातली उष्णता दुसऱ्या पाण्यात टाकणारं यंत्र. ते तापलेलं पाणी पुन्हा थंड करायला गच्चीवर कूलिंग टॉवर, खाली पंप. मराठी तक्ता तिथं आधीही होता, पण तो कुणीतरी शब्दकोश उघडून केलेला. त्यात अप्रोचला ‘दृष्टिकोन’ आणि रेंजला ‘श्रेणी’ म्हटलं होतं. ऑपरेटर ते रकाने रिकामे सोडत किंवा कालचा आकडा आज उतरवत. दोष त्यांचा नव्हता. ‘दृष्टिकोन किती?’ या प्रश्नाला अंशांत उत्तर कोण देणार?

मी नवा मसुदा घेऊन जुलैत तिथं गेले. माझी पद्धत अशी, की तक्ता ज्यानं भरायचा त्यानंच तो यंत्रापुढं उभं राहून मोठ्यानं वाचायचा. वाचताना तो जिथं अडखळतो तिथं माझं वाक्य बदलतं. त्या पाळीला पन्नाशीतले एक ऑपरेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे.

टॉवरची पानं भराभर झाली. टॉवरकडे जाणारं पाणी ३३ अंश, टॉवरमधून येणारं २८. या दोन्हींतला फरक म्हणजे रेंज, ५ अंश. मामांचा समज असा होता, की रेंज जास्त तर टॉवर चांगला. हा समज बऱ्याच ठिकाणी भेटतो, म्हणून तक्त्यातच एक ओळ घातली: रेंज टॉवर ठरवत नाही, चिलरनं पाण्यात किती उष्णता टाकली आणि पाणी किती फिरतंय त्यावर ती ठरते. इथं पूर्ण लोडला ताशी दीडशे घनमीटर पाणी फिरतं, तेव्हा रेंज ५ च्या आसपास यायलाच हवी. त्याच लोडला ती ७ झाली तर टॉवर सुधारला असं नसतं. पाणी कमी झालेलं असतं, गाळणी तुंबलेली किंवा व्हॉल्व्ह अर्धवट बंद.

टॉवरचं काम दिसतं ते अप्रोचमध्ये. टॉवरमधून आलेलं थंड पाणी हवेच्या वेट बल्बच्या किती जवळ पोहोचलं, ते अंतर. वेट बल्ब म्हणजे ओला कापूस गुंडाळलेल्या थर्मामीटरवर दिसणारं हवेचं तापमान. इथं मामांनी मनातलं विचारलं. पावसाळ्यात हवा गार, तरी टॉवरचं पाणी एप्रिलपेक्षा गरम कसं? जुन्या वहीत एप्रिलमध्ये २६ लिहिलेलं होतं, आज २८. टॉवर बिघडलाय असं सगळ्या पाळ्यांचं मत झालं होतं आणि फिल, म्हणजे टॉवरमध्ये पाणी ज्यावर पसरतं ते भरण, बदलायची मागणीही वर गेली होती. मी सायक्रोमीटर बरोबर नेला होता. तो फिरवून दाखवला: साधं तापमान २६, ओल्या कापसाच्या बल्बवर २४.५. एप्रिलच्या कोरड्या दुपारी कोल्हापुरात बाहेर ३७ असलं तरी वेट बल्ब २१-२२ वर असू शकतो. टॉवर पाणी थंड करतो ते मुख्यतः थोडं पाणी वाफ करून, आणि जुलैच्या हवेत आणखी वाफ मावायला जागाच कमी. २८ वजा २४.५, अप्रोच ३.५. टॉवर ठणठणीत होता. ‘वेट बल्ब’ला शाळेच्या पुस्तकातला शब्द वापरायचा विचार मी तिथंच सोडला. मामा वेट बल्बच म्हणतात. फक्त तो कुठं आणि कसा मोजायचा हे लिहिलं: टॉवरच्या हवा आत घेणाऱ्या बाजूला, सावलीत, कापूस ओला करून.

मग आम्ही खाली चिलरच्या पानावर आलो. मामांनी वाचलं, ‘कंडेन्सर अप्रोच’, आणि थांबले.

“मॅडम, अप्रोच वर लिवलाय की. परत हितं कशाला?”

जुन्या तक्त्यात ‘दृष्टिकोन’ दोनदा आला होता, एकदा टॉवरखाली आणि एकदा चिलरखाली. दोन्हींना एकच शब्द असल्यामुळं सगळ्यांनी तो छापणाऱ्याचा घोळ धरला. जे भरत ते दोन्हीकडे टॉवरचाच आकडा लिहीत. मूळ इंग्रजीतही शब्द एकच आहे, कारण कल्पना एकच: एक गोष्ट दुसरीच्या किती जवळ गेली. पण टॉवरवर ती पाणी आणि वेट बल्ब यांची गोष्ट आहे, तर कंडेन्सरवर आतला गॅस ज्या तापमानाला द्रव होतो आणि बाहेर पडणारं पाणी यांची. पहिला आकडा टॉवरची तब्येत सांगतो, दुसरा कंडेन्सरच्या नळ्यांची.

“पॅनेलवर कंडेन्सिंग टेम्परेचर किती दाखवतंय?” मी विचारलं.

“साडेअडतीस.”

बाहेर पडणारं पाणी ३३. म्हणजे कंडेन्सर अप्रोच ५.५. मी मेंटेनन्सच्या साहेबांकडून चिलर बसवला तेव्हाचा कागद मागवला. तेव्हा पूर्ण लोडला हा आकडा २ होता. साडेतीन अंश वाढले होते, आणि ते कधी वाढले हे कुणालाच सांगता येईना, कारण त्या रकान्यात कायम टॉवरचा अप्रोच लिहिला जात होता. कंडेन्सिंग तापमान एक अंश वाढलं की कॉम्प्रेसरची वीज साधारण २ ते ३ टक्के वाढते. बिल वाढल्याची तक्रार होतीच, पण बोट टॉवरकडे दाखवलं जात होतं.

आता तिन्ही आकडे शेजारी होते. टॉवर अप्रोच ३.५, म्हणजे टॉवर ठीक. पूर्ण लोडला रेंज ५, म्हणजे पाणी पुरेसं फिरतंय. उरली नळ्यांची भिंत. गॅस जास्त भरला किंवा आत हवा शिरली तरी हा अप्रोच वाढतो, पण या चिलरमधला गॅस, आर-१३४ए, चालू यंत्रात वातावरणापेक्षा जास्त दाबाखाली असतो, त्यामुळं गळतीतून हवा आत शिरण्याची शक्यता कमी, आणि गॅस अलीकडे भरलेला नव्हता. नळ्यांत आतून क्षार धरलाय ही शंका सगळ्यांत बळकट होती.

मग मी ब्लोडाऊनचं, म्हणजे क्षार साठलेलं पाणी बाहेर सोडण्याचं, पान उघडलं. हे पान मी शेवटी ठेवलं होतं, कारण या शब्दानं मला आधीपासून धास्ती वाटत होती. कारखान्यात बॉयलरही आहे, आणि बॉयलरचा ब्लोडाऊन सगळ्यांना पाठ: व्हॉल्व्ह झटक्यात उघडायचा, जोरात सोडायचं, बंद करायचा.

“टॉवरचा ब्लोडाऊन कसा देता?”

“पाळीला एकदा. दहा मिन्टं ड्रेन उघडायचा. वही बघा, एक बी पाळी चुकलेली न्हाई.”

वही खरंच चोख होती. पण टॉवरला झटक्याची गरज नसते, त्याला सतत बारीक धार लागते. वाफ होऊन जातं ते शुद्ध पाणी, क्षार मागं राहतात, म्हणून कुंडातलं पाणी तासातासाला घट्ट होत जातं. मामांनीच ते नेमकं सांगितलं. त्यांच्या भावकीचं गुऱ्हाळ आहे. ते म्हणाले, “म्हंजे काहिलीत रस आटतो तसं.” तसंच. इंग्रजीतल्या ‘सायकल्स ऑफ कॉन्सन्ट्रेशन’ला मी मसुद्यात ‘सांद्रता चक्रे’ लिहून त्यापुढं प्रश्नचिन्ह ठेवलं होतं. ते खोडून ‘पाणी किती पट आटलं’ असं लिहिलं.

हिशेबही त्याच पानावर केला. दर ५ अंश रेंजला फिरणाऱ्या पाण्याच्या साधारण पाऊण टक्का वाफ होते. दीडशे घनमीटरला ताशी सुमारे ११५० लिटर. पाणी चार पटीपेक्षा जास्त आटू द्यायचं नसेल, तर वाफेला चारातून एक वजा करून, म्हणजे तीननं भागायचं: ताशी ३८० लिटर सोडायला हवेत, दिवसाला नऊ हजारांच्या वर. पाळीला दहा मिनिटं ड्रेन उघडून दिवसात जेमतेम अडीच हजार लिटर जात होते.

पाणी किती आटलंय ते तपासायला क्लोराईड बघतात, कारण क्लोराईड थर धरत नाही, पाण्यातच राहतं. पाणी तपासणाऱ्या कंपनीचा महिन्याचा अहवाल फाइलला होता. भरायच्या पाण्यात क्लोराईड ४०, कुंडात ३६०: नऊ पट. पण कठीणपणा भरायच्या पाण्यात १८० आणि कुंडात ८००, म्हणजे साडेचार पटसुद्धा नाही. दोन्ही सारखेच आटायला हवे होते. जो कठीणपणा पाण्यात सापडत नाही तो कुठंतरी बसलाय, आणि कॅल्शियमचा क्षार बसतो तो सगळ्यांत गरम जागी, कंडेन्सरच्या नळ्यांत. अहवालात हे दोन आकडे एकाखाली एक छापलेले होते. त्यांचा भागाकार करायला सांगणारी ओळ कुठंच नव्हती.

पुढच्या शटडाऊनला कंडेन्सरचं झाकण उघडलं तेव्हा नळ्यांत पांढरट थर होता. ब्रश फिरवून आणि आम्लानं धुऊन तो काढल्यावर पूर्ण लोडला कंडेन्सर अप्रोच सव्वादोनवर आला. फिलची मागणी मागं घेतली गेली.

तक्ता मात्र मी त्या दिवशी दुपारीच मामांबरोबर बसून बदलला. अप्रोच हा शब्द एकटा कुठंच ठेवला नाही. ‘टॉवर अप्रोच’ आणि ‘कंडेन्सर अप्रोच’, आणि प्रत्येकाखाली वजाबाकी पूर्ण वाक्यात: कुठल्या काट्यावरचा आकडा, त्यातून कुठला वजा. मराठी प्रतिशब्द घडवायचा मोह मी टाळला. साहेब, सर्व्हिसवाला आणि पॅनेल तिघेही अप्रोचच म्हणतात, मग वहीत तिसराच शब्द असला तर फोनवर बोलताना माणूस पुन्हा अडतो. ब्लोडाऊन हे नाव बॉयलरपुरतं ठेवलं आणि टॉवरसाठी सगळीकडे ‘ब्लीडची धार’ केलं. धार किती, तर २० लिटरची बादली साधारण तीन मिनिटांत भरेल एवढी. हे माप मामांनी सुचवलं, कारण फ्लोमीटर तिथं नव्हता. लोड कमी असला की वाफ कमी होते, तेव्हा धारही कमी करायची, हे खाली लिहिलं.

एक रकाना शेवटी वाढवावा लागला, लोडचा. अर्ध्या लोडला कंडेन्सर अप्रोच आपोआप खाली येतो, आणि रात्रपाळीचा ३ बघून सगळं छान आहे असं वाटू शकतं. त्यामुळं आता ऑपरेटर आधी लोडचे टक्के लिहितो, मग अप्रोच, आणि महिन्याची तुलना फक्त ९० टक्क्यांच्या वरच्या नोंदींची होते.