चौकशीत माझ्या शेजारी कोण बसणार?

मे २०१८ च्या शेवटच्या आठवड्यातली रात्र. १ जूनला मासेमारीबंदी लागणार, म्हणून रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात रोज बोटी भरून येत होत्या आणि आमच्या मासळी प्रक्रिया कारखान्याचं शीतगृह छतापर्यंत भरलं होतं. मी तिथे ऑपरेटर. दर तासाला पॅनेलवरचं तापमान बघून रजिस्टरात लिहायचं, ही माझ्या कामातली एक जबाबदारी. साधारण पंधरा दिवसांनी माझ्या हातात आरोपपत्र पडलं. आरोप दोन होते. पहिला, रात्री ३ ची नोंद खोटी आहे, कारण रजिस्टरात उणे २० लिहिलंय आणि तापमान आपोआप नोंदवणाऱ्या रेकॉर्डरचा आलेख ३ वाजता उणे ११ दाखवतोय. दुसरा, ४ ची नोंद पॅनेल न बघता केली.

मी लेखी खुलासा दिला, तो त्यांना पटला नाही, आणि ऑगस्टमध्ये खातेनिहाय चौकशीची नोटीस आली. चौकशी अधिकारी बाहेरचे वकील होते. कंपनीची बाजू मांडायला एचआरचे साहेब होते. माझ्या बाजूची खुर्ची रिकामी होती.

नोटिशीच्या शेवटी एक ओळ होती: ‘आपणास नियमानुसार बचाव प्रतिनिधी नेमता येईल.’ या ‘नियमानुसार’चा अर्थ मला दोनदा चुकल्यावर कळला.

माझा चुलतमामा चिपळूणला वकिली करतो. मी त्याचंच नाव अर्जात लिहिलं. पहिल्याच तारखेला अर्ज नामंजूर झाला. मला तो अन्याय वाटला, कारण समोर चौकशी अधिकारी म्हणून वकीलच बसले होते. मामानेच मला समजावलं, ‘अरे, ते निकाल देणारे. तुझ्याविरुद्ध कंपनीतर्फे कोण उभा आहे ते बघ.’ सर्वोच्च न्यायालयाचा १९८३ चा मुंबई पोर्ट ट्रस्ट आणि दिलीपकुमार नाडकर्णी यांचा निकाल त्याने सांगितला. मालकाची बाजू कायद्याचं शिक्षण घेतलेली माणसं मांडत असतील आणि कामगाराने मागूनही त्याला वकील नाकारला, तर ती चौकशी नैसर्गिक न्यायाला धरून होत नाही. म्हणून पुढच्या तारखेला मी एकच प्रश्न विचारला आणि तो रोजनाम्यात लिहून घ्यायला लावला: एचआरचे साहेब कायद्याचे पदवीधर आहेत का? उत्तर ‘नाही’ आलं. तेव्हा माझ्यासाठी वकिलाचा विषय तिथेच संपला.

दुसरी चूक युनियनची. शेजारच्या दुसऱ्या कारखान्यात एक युनियन होती. तिचे सरचिटणीस चौकशांमध्ये अनेकदा उभे राहिलेले, त्यांना मी घेऊन गेलो. एचआरने लगेच विचारलं, मी त्यांच्या युनियनचा सभासद आहे का? मी नव्हतो. अर्ज पुन्हा नामंजूर. सरचिटणीस बाहेर येऊन चहा पिताना म्हणाले, ‘त्यांचं बरोबर आहे, दादा. पावती फाडली असतीस तर मला अडवता आलं नसतं.’ महाराष्ट्रात कामगार संघटनांना मान्यता देण्याचा १९७१ चा कायदा आहे. त्यात मान्यता नसलेल्या युनियनलाही आपल्या सभासदाच्या वतीने अशा चौकशीत हजर राहण्याचा हक्क दिलाय. पण हक्क आहे तो सभासदासाठी. १९९३ मध्ये क्रेसेंट डाइजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही हेच धरलं, की प्रतिनिधी नेमायचा हक्क अमर्याद नाही, कायदा आणि स्थायी आदेश, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या अटींचे नियम, त्याला जी चौकट घालतील तेवढाच तो असतो.

त्याच दिवशी सरचिटणीसांनी मला आदर्श स्थायी आदेशांचं पुस्तक उघडून दाखवलं. गैरवर्तन आणि शिक्षेचा जो २५ वा आदेश आहे, त्यात लिहिलंय की आरोप असलेल्या कामगाराला त्याच्याच विभागात काम करणारा कामगार, किंवा तो ज्या युनियनचा सभासद आहे तिचा पदाधिकारी, यांच्यामार्फत बचाव करू द्यावा. ‘त्याच्याच विभागात’ हे दोन शब्द मी तीनदा वाचले. आपला माणूस आपल्या शेजारीच काम करतोय हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आमच्या शीतगृहात अण्णा होते. वीस वर्षं त्याच पॅनेलसमोर उभे राहिलेले. त्यांना विचारायला मला आठवडा लागला, कारण यात त्यांचं नाव साहेबांच्या डोळ्यांत येणार होतं. दुसरा एक सहकारी आपणहून तयार होता, पण तो त्या रात्री पाळीवर होता. सरचिटणीसांनी त्याला प्रतिनिधी करू नकोस म्हणून सांगितलं होतं. त्याने डोळ्यांनी पाहिलंय, तो साक्षीदार म्हणून लागेल, आणि एकच माणूस साक्षही देतोय आणि प्रश्नही विचारतोय असं झालं की दोन्हींचं वजन जातं. अण्णा त्या रात्री रजेवर होते. म्हणजे अगदी योग्य.

घरी जाऊन विचारलं तेव्हा ते जाळं विणत बसले होते. म्हणाले, ‘मला इंग्रजी कागद वाचता येत नाहीत. पण तो रेकॉर्डर मी वाचतो.’

मी अर्ज दिला. त्यात अण्णांचं नाव, त्यांचा टिकट नंबर, विभाग आणि त्यांची लेखी संमती जोडली, आणि पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घेतला. या वेळी नकार द्यायला जागाच नव्हती. सोबत चौकशी मराठीत चालावी अशीही मागणी केली. तीही मान्य झाली.

गणपती १३ सप्टेंबरला होते, त्यामुळे साक्ष त्यानंतरच्या आठवड्यात सुरू झाली. तयारीला आम्हाला मध्ये दहा दिवस मिळाले, आणि तेवढ्यात अण्णांनी फक्त दोन कागद मागायला लावले: त्या रात्रीचं माल चढवण्याचं रजिस्टर आणि रेकॉर्डरचा मूळ आलेख. आरोपपत्राला जोडलेली झेरॉक्स त्यांना चालेना.

कंपनीचा मुख्य साक्षीदार पाळीचा सुपरवायझर. एचआरच्या साहेबांनी त्याच्याकडून सांगून घेतलं की आलेख उणे ११ दाखवत होता आणि रजिस्टर उणे २०. मग उलटतपासणी. अण्णांनी वकिलासारखं काही केलं नाही. खोलीत माल कसा रचलाय हे रोज पाहणारा माणूस जसं विचारेल, तसं विचारलं.

‘पॅनेलचा सेन्सर कुठे आहे?’

‘आत, मागच्या भिंतीला.’

‘आणि रेकॉर्डरचा?’

सुपरवायझर थोडा थांबला. ‘दरवाजाच्या वर.’

‘त्या रात्री रीफर कंटेनर किती वाजता लागला?’

रजिस्टरात लिहिलंच होतं: माल चढवायला सुरुवात २.१५, संपलं ३.५०. इतका वेळ दरवाजा सारखा उघडझाप होत होता, म्हणजे दरवाजावरचा सेन्सर बाहेरची मे महिन्यातली दमट हवा मोजत होता. आतला माल उणे २० लाच होता. अण्णांनी मग मूळ आलेख पुढे सरकवला. ४.३० पर्यंत रेघ परत उणे १९ च्या जवळ आली होती. खोली खरंच तापली असती तर एवढ्या मालाला तासाभरात परत तिथे आणणं त्या कॉम्प्रेसरला शक्यच नव्हतं. हा प्रश्न त्यांनी सुपरवायझरला विचारला आणि त्याने मान्य केलं.

माझा मामा तिथे असता तर त्याने भाषा चांगली वापरली असती. पण सेन्सर दोन आहेत आणि ते दोन जागी आहेत, हे त्याला कोणी सांगितलं असतं? मला स्वतःला ते माहीत होतं, तरी आरोपी म्हणून बसल्यावर सुचलं नव्हतं. तोंडाला कोरड पडते, समोरचं खरं वाटायला लागतं. विभागातला माणूस शेजारी हवा तो यासाठी.

प्रतिनिधी काय करू शकतो याची मर्यादाही तिथेच दिसली. कंपनीने मला दुसऱ्या आरोपाबद्दल विचारलं तेव्हा अण्णा उत्तर देऊ लागले, आणि चौकशी अधिकाऱ्यांनी त्यांना थांबवलं. ते बरोबरच होतं. साक्षीदाराला प्रश्न विचारणं, हरकत नोंदवून घेणं, शेवटी बाजू मांडणं हे प्रतिनिधीचं. घडलेलं सांगायचं ते माझं मीच. आणि खरं हे होतं की ४ वाजता मी पॅनेलपाशी गेलो नव्हतो. कंटेनर सुटायची घाई होती, मी हात द्यायला खाली गेलो आणि नोंद नंतर अंदाजाने केली. मी ते कबूल केलं. अण्णा आदल्या दिवशी एवढंच म्हणाले होते, ‘जे केलंस ते लपवू नको, नाहीतर पहिल्याचंही कोणी मानणार नाही.’

प्रत्येक तारखेला संध्याकाळी रोजनाम्याच्या पानापानावर सह्या व्हायच्या. अण्णा मला मोठ्याने वाचायला लावायचे. एकदा ‘दरवाजाच्या वर’ या उत्तराच्या जागी ‘खोलीत’ असं लिहिलेलं सापडलं. दुरुस्ती होईपर्यंत त्यांनी मला सही करू दिली नाही. तो एक शब्द तसाच राहिला असता तर आमची सगळी उलटतपासणी फुकट गेली असती. त्यानंतर दर तारखेची प्रत त्याच दिवशी घ्यायची हे आम्ही ठरवलं.

निष्कर्ष डिसेंबरात आले. पहिला आरोप सिद्ध झाला नाही, दुसरा झाला. अहवालाची प्रत देऊन माझं म्हणणं मागितलं, आणि शेवटी चार दिवसांचं निलंबन झालं. पगार गेला, नोकरी राहिली. पहिला आरोप टिकला असता तर बडतर्फीचीच तयारी होती.

हे सगळं २०१८ चं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झालीय, आणि तिच्यातलं स्थायी आदेशांचं प्रकरण ३०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहे. म्हणून आज आरोपपत्र आलं तर आपल्या कारखान्याला कोणते स्थायी आदेश लागू आहेत, त्यांची प्रत आधी मागायची आणि प्रतिनिधीबद्दलची ओळ शब्द न शब्द वाचायची.

गेल्या वर्षी कोळंबी सोलण्याच्या विभागातली एक ताई आरोपपत्र घेऊन माझ्याकडे आली. वजनात चोरी केल्याचा आरोप. ‘दादा, तुम्हीच चला माझ्यासोबत,’ म्हणाली. मला जायचं होतं, पण माझा विभाग शीतगृह. पहिल्याच तारखेला तिचा अर्ज पडला असता. मी विचारलं, ‘तुमच्या काट्यावर सगळ्यात जुनी कोण?’ तिने नाव सांगितलं, आणि संध्याकाळी आम्ही दोघं त्या बाईंच्या घरी गेलो.