दुसऱ्या कडव्याला लोक सरकायचे

गणपतीच्या दिवसांत मी पेठांमधल्या मंडळांसाठी जिवंत देखाव्यांची गाणी लिहिते. गेली अकरा वर्षं हे काम करते आहे. त्यात एक गोष्ट अशी आहे जी कविसंमेलनात कधी मिळत नाही. एकच गाणं रात्रीत दहा-बारा वेळा वाजतं आणि दर वेळी समोर नवी माणसं असतात. कुठल्या ओळीला माणूस थांबला आणि कुठल्या ओळीला त्याचा पाय निघाला, ते रस्त्यावर उभं राहून बघता येतं.

एका वर्षी विषय होता एकटे राहणारे आईवडील. लक्ष्मी रोडच्या आतल्या बाजूला मंडळाचा मांडव होता आणि नऊ मिनिटांचा देखावा होता. संवाद आणि गाणी आधी स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेली होती, मंचावरची मुलं त्यावर अभिनय करायची. पाचव्या दिवशी देखावा खुला झाला. पहिल्या तीन खेळांनंतर एक कार्यकर्ता मला शोधत आला. म्हणाला, "ताई, दुसऱ्या कडव्यालाच लोक सरकायला लागतात."

मला आधी पटलं नाही. गर्दी मागून ढकलते, म्हणून पुढचे सरकतात, असं मी त्याला म्हटलं. मग फुगेवाल्याच्या बाजूला विजेच्या खांबाला टेकून उभी राहिले आणि मंचाकडे पाठ करून फक्त चेहरे बघितले. पहिल्या कडव्यात घराचं वर्णन होतं, तेव्हा चेहरे वर होते. दुसरं कडवं सुरू झालं:

सांग आईला तू फोन
केला शेवटचा कधी?
सांग बापाशी बोलाया
वेळ काढलास कधी?

लगेच तिसरा प्रश्न होता: "लाज वाटते का तुला, त्यांच्या जुन्या सदऱ्याची?" पहिल्या प्रश्नाला काही जण नुसते हसले. दुसऱ्याला माना खाली गेल्या आणि मोबाइल उजळले. तिसऱ्याला एक गृहस्थ खांद्यावरच्या मुलीला सावरत, बायकोला "चल" म्हणून निघाले. मागून कुणीही ढकलत नव्हतं. पुढच्या दोन खेळांतही सगळं याच ठिकाणी घडलं.

लिहिताना हे प्रश्न मला धारदार वाटले होते. रस्त्यावर ऐकताना कळलं की ते शाळेतल्या तपासणीसारखे आहेत. उत्तर मला आधीच ठाऊक आहे, तुम्ही चूक आहात हेही ठाऊक आहे, फक्त तुमच्या तोंडून कबुली हवी आहे, असा त्यांचा सूर होता. चारचौघांत उभ्या असलेल्या माणसाने अशा प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? तो तिथून निघून जातो, आणि त्याचं बरोबरच असतं.

पण त्या रात्री माझी झोप उडाली ती एका मुलीमुळे. पंचवीसेक वर्षांची असेल. खेळ संपल्यावर तिने विचारलं, "गाणं कुणी लिहिलंय?" कार्यकर्त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. ती शांतपणे म्हणाली, "माझी आई मार्चमध्ये गेली. शेवटचा फोन कधी केला, ते मला तारखेसकट माहीत आहे." बस, एवढंच बोलून ती गेली. मला तिला थांबवताही आलं नाही.

‘शेवटचा’ हा शब्द मी मात्रा भरायला घातला होता. ‘अलीकडचा’ एवढाच अर्थ माझ्या मनात होता. ज्याची आई हयात आहे, असाच ऐकणारा मी धरून चालले होते. थेट प्रश्न विचारला की ऐकणारा कोण आहे, त्याच्या घरी कोण आहे, हे आपण परस्पर ठरवून टाकतो. जो त्या मापात बसत नाही, त्याच्या तोंडावर दार आपटतं. तो कंटाळला म्हणून जात नाही, त्याला आत जागाच नसते.

सकाळी साडेआठला मी संगीत देणाऱ्या सरांच्या घरी गेले. ते निवृत्त संगीतशिक्षक आहेत. पेटी पुढ्यात ओढून त्यांनी माझ्या ओळी दोनदा वाजवल्या आणि म्हणाले, "अहो, यातली निम्मी चूक माझीसुद्धा आहे. ‘कधी’वर चाल खाली उतरते, थेट षड्जावर. बोलताना प्रश्नाच्या शेवटी आवाज कुठे जातो?"

मी म्हणून पाहिलं. आईला फोन केलास? आवाज वर गेला. ‘कधी’सारखा शब्द नसेल, तर बोलण्यात तो वर गेलेला आवाजच सांगतो की हा प्रश्न आहे. गाण्यात मात्र स्वर चालीच्या ताब्यात असतात. चाल खाली येऊन स्थिरावली की प्रश्न निकालासारखा ऐकू येतो. ‘केलास कधी?’ हे ‘कधी केलास म्हणा!’ असं लागतं. म्हणून गाण्यात प्रश्नाची खूण शब्दानेच द्यावी लागते, आणि तीही सुरुवातीला, समेवर. ‘कोण’, ‘कुणी’, ‘कुठे’ हे शब्द पहिल्या मात्रेला आले की पुढे चाल हवी तिथे उतरली तरी चालते. ऐकणाऱ्याने प्रश्न आधीच हातात घेतलेला असतो.

बोलता बोलता सरांनी मनाच्या श्लोकांतला एक श्लोक म्हटला, ‘जनी सर्वसूखी असा कोण आहे, विचारे मना तूचि शोधूनि पाहे’. लहानपणापासून पाठ असलेल्या या ओळींकडे त्या सकाळी मी पहिल्यांदा कारागिराच्या नजरेने पाहिलं. प्रश्न ‘कोण’चा आहे. तो विचारला आहे स्वतःच्या मनाला, समोरच्या माणसाला नाही. आपण नुसते बाजूला बसून ऐकतो, म्हणूनच तो आपल्याला आपला वाटतो. आणि विचारल्यावर लगेच उत्तर मागितलेलं नाही, शोधून पाहा म्हणून वेळ दिला आहे.

वेळ! माझ्या कडव्यात तोच नव्हता. गाणं केरवा तालात होतं, मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत. आठ मात्रांचं एक आवर्तन म्हणजे चार सेकंद. आठ अक्षरांचा एक चरण एका आवर्तनात बसत होता. एक प्रश्न संपला की पुढच्याच समेला दुसरा उभा. उत्तर मनात यायच्या आत पुढचा फटका बसत होता.

अडचण अशी होती की वाद्यांचा ट्रॅक तयार होता, मंचावरची हालचाल त्यावर बसवलेली होती, आणि मंडळाकडे पैसे होते ते फक्त आवाज पुन्हा भरण्यापुरते. एक मात्राही वाढवून चालणार नव्हती. दुसऱ्या कडव्यात सहा चरण, तीन प्रश्न होते. सदऱ्याचा प्रश्न मी पूर्ण काढला. त्यातून दोन आवर्तनं मोकळी झाली. दोन्ही प्रश्नांनंतर एकेक आवर्तन नुसती ढोलकी ठेवायची असं ठरलं. उरलेले प्रश्न असे झाले:

कोण उठतं पहाटे
दूध तापवाया घरी?
कुणी झाकून ठेवली
रात्री उशिरा भाकरी?

‘तू’ गेला, ‘सांग’ गेलं. उत्तर कुणाला लाज आणणारं राहिलं नाही, आणि ते प्रत्येकाचं वेगळं असू शकत होतं. ‘कुणी ठेवली तुझ्यासाठी’ असं आधी लिहिलं होतं, सरांनीच ‘तुझ्यासाठी’वर बोट ठेवलं. ते बरोबर होतं, भाकरी आपल्यासाठी आहे हे ऐकणाऱ्याला आपसूक कळतं.

तिसऱ्या कडव्याच्या शेवटीही दोन प्रश्न होते, दोन्ही आरोपाचेच. तिथे मी अडले. दुपारचे दोन वाजले. देखाव्यात त्या क्षणी म्हातारी फोन कानाला लावून उभी असते. तिला मूळ संहितेत बोलणं नव्हतं. मला वाटलं, विचारायचंच असेल तर तिने विचारावं. आई फोनवर पहिलं काय विचारते? ‘जेवलास का रे बाळा?’ बोटांवर मोजलं, नेमकी आठ अक्षरं. पण सर म्हणाले, हे गाऊ नका, बोला. ट्रॅकवर ढोलकी बंद करून तेवढी जागा मोकळी ठेवता येईल. बोलल्यावर ‘का रे’ला आवाज आपोआप वर जाईल.

यातही ‘तू’ आहे, थेट प्रश्न आहे, ‘का’ आहे. माझ्या आधीच्या ‘लाज वाटते का तुला’मध्येही हे सगळं होतंच. फरक विचारणाऱ्यात होता. पहिला प्रश्न विचारते ती मंचाबाहेरची कुणी तरी शहाणी बाई, जिला समोरच्याचा दोष दाखवायचा आहे. दुसरा विचारते ती आई, जिला खरोखर उत्तर हवं आहे. शिवाय ती तिच्या मुलाला विचारते आहे. रस्त्यावरचा माणूस फक्त कानावर आलेलं ऐकतो.

चारला कर्वे रोडवरच्या स्टुडिओत आवाज भरला, सातला पेन ड्राइव्ह मांडवात पोचला.

मी पुन्हा त्याच खांबाला टेकले. तुलना नीट व्हावी म्हणून आदल्या रात्रीसारखेच नऊच्या आसपासचे तीन खेळ बघायचे ठरवले. ‘कोण उठतं पहाटे’नंतरच्या चार सेकंदांत पुढच्या रांगेतल्या एका बाईचे ओठ हलले. तिच्या शेजारचा शाळकरी मुलगा मोठ्याने म्हणाला, "आजोबा!" भाकरीच्या प्रश्नाला कॉलेजच्या टोळक्यातून "मेसवाल्या काकू!" असं आलं आणि हशा पिकला. मी क्षणभर धसकले. पण ते टोळकं गेलं नाही, हसत तिथेच उभं राहिलं. उत्तर काहीही असो, दिलं की माणूस पुढचं ऐकायला थांबतो.

तिसऱ्या खेळाला म्हातारीने विचारलं, "जेवलास का रे बाळा?" ढोलकी थांबलेली होती. मागच्या बाजूला, काठी टेकून उभे असलेले सत्तरीच्या पुढचे एक आजोबा म्हणाले, "हो, जेवलो." सहज, घरात म्हणावं तसं. आजूबाजूला कुणी हसलं नाही.

ती मुलगी पुन्हा दिसते का, म्हणून मी रोज गर्दीत बघत होते. दिसली नाही.

नवव्या रात्री मात्र हेच कडवं पुन्हा ढासळलं. शेवटच्या रात्रींची गर्दी प्रचंड असते, पुढच्या चौकातल्या स्पीकरचा आवाज आमच्या मांडवात येतो, माणसं थांबत नाहीत, वाहतात. त्या गोंगाटात चार सेकंदांची मोकळी ढोलकी म्हणजे गाणं अडकल्यासारखं वाटायला लागलं. लोक मंचाकडे न बघता स्पीकरकडे बघायला लागले. ऐकणाऱ्याला स्वतःच्या मनातलं उत्तर ऐकू येणार नसेल, तर ती जागा नुसती भोक होते. रात्री दहाच्या आधी आम्ही त्या दोन्ही जागांत पेटीचा एक लांब स्वर भरला आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरांच्या आवाजात गुणगुणून टाकलं. ‘जेवलास का रे बाळा’ला हात लावला नाही.