काठीचे तीन तुकडे, त्रिकोण आणि क्लासच्या नोट्स: माझा अनुभव

भाची बी.एस्सी.ला आहे, विषय संख्याशास्त्र. तिच्या क्लासच्या नोट्समध्ये हे गणित होतं: "एका काठीवर दोन बिंदू रँडम निवडले व तिथे काठी तोडली. तीन तुकड्यांचा त्रिकोण होण्याची संभाव्यता काढा." खाली उत्तर छापलेलं, 0.193. हेच गणित 1854 साली केंब्रिजच्या परीक्षेत येऊन गेलंय आणि त्याचं उत्तर 1/4 म्हणून जगभर माहीत आहे. भाची म्हणाली, "मामा, क्लासवाले म्हणतात 1/4 ही शॉर्टकट मारून काढलेली गोष्ट आहे, इंटिग्रेशन केलं की 0.193 येतं." इथे माझी सटकली.

सुरुवातीचा भाग सोपा आहे. काठीची लांबी 1 धरायची. त्रिकोणाची कोणतीही बाजू बाकी दोघींच्या बेरजेपेक्षा लहान हवी. तिघींची बेरीज 1 आहे, म्हणजे प्रत्येक तुकडा अर्ध्याहून लहान हवा. बस, एवढीच अट. एखादा तुकडा नेमका अर्धा आला तर काय, यावर आमच्याकडे बराच वेळ गेला. तो घालवू नका, तसं होण्याची संभाव्यता शून्य आहे.

आता 1/4 कसं येतं. पहिला बिंदू x वर पडला आणि त्याने काठीचे दोन भाग केले, एक लहान, एक मोठा. लहान भागाची लांबी s म्हणू. दुसरा बिंदू लहान भागात पडला तर खेळ खलास, कारण मोठा भाग अर्ध्याहून लांब तसाच उरतो. तो मोठ्या भागातच पडायला हवा आणि तिथेही अशा जागी, की दोन्ही तुकडे अर्ध्याच्या आत राहतील. आकडे घालून बघा. x = 0.4 असेल तर दुसरा बिंदू 0.5 आणि 0.9 यांच्या मध्ये हवा. या पट्ट्याची लांबी 0.4. x = 0.1 असेल तर 0.5 ते 0.6, लांबी 0.1. x = 0.6 असेल तर 0.1 ते 0.5, पुन्हा 0.4. दर वेळी पट्टा लहान भागाएवढाच, म्हणजे s एवढा. s हा 0 पासून 0.5 पर्यंत सारख्याच शक्यतेने कुठेही असतो, म्हणून त्याची सरासरी 0.25. इंटिग्रेशनचं चिन्हसुद्धा लागलं नाही. चौरस काढून त्यातल्या दोन त्रिकोणांचं क्षेत्रफळ मोजायची रीत पुस्तकांत असते, तीही बरोबर आहे; मला ही जास्त आवडते.

मग 0.193 कुठून आलं? अडलं ते इथेच. मी आधी इंटिग्रेशन तपासलं, त्यात चूक नाही. ln 2 − 1/2 म्हणजे खरोखर 0.193. गणित बरोबर, उत्तर चूक, आणि छापणारा ठाम! पायरीन् पायरी वाचली तेव्हा दुसऱ्याच ओळीत सापडलं: "पहिला बिंदू x घ्या. आता उरलेल्या भागात, x आणि 1 यांच्या दरम्यान, दुसरा बिंदू y घ्या."

उरलेल्या भागात? प्रश्नात तर दोन्ही बिंदू अख्ख्या काठीवर निवडलेत. पहिल्या बिंदूने दुसऱ्याला "तू माझ्या उजवीकडेच पड" असं सांगायचं कारण काय? नोट्सवाल्यांचा बचाव असा, की दोघांपैकी एक डावीकडे असणारच, त्याला x म्हटलं तर बिघडलं कुठे. नाव द्यायला कुणाची ना नाही. पण दोघांतल्या डावीकडच्याला x म्हणणं वेगळं आणि x आधी कुठेही टाकून y त्याच्या उजवीकडे कोंबणं वेगळं. पहिल्यात x बहुतेक वेळा काठीच्या डाव्या बाजूला येतो, त्याची सरासरी 1/3. दुसऱ्यात ती 1/2.

फरक किती पडतो तेही पाहा. x = 0.4 आला तर नोट्सच्या रीतीने y ला 0.6 लांबीतून 0.4 चा पट्टा मिळतो, शक्यता 2/3. x = 0.6 आला तर डावा तुकडाच अर्ध्याहून मोठा आणि तो पुढे तुटणारच नाही, शक्यता 0. दोन्हींची सरासरी 1/3. खऱ्या प्रश्नात दोन्ही वेळा 0.4. x = 0.1 आणि 0.9 या जोडीतही तेच: नोट्सच्या रीतीने सरासरी 1/18, खऱ्या रीतीने 1/10. म्हणजे दर वेळी तोटाच, आणि तो साठून 0.25 चं 0.193 होतं.

हे भाचीला पटलं, क्लासला नाही. "तुम्ही प्रत्यक्ष तोडून बघा" असं उत्तर आलं. खराट्याच्या काड्या तोडून हे ठरत नाही, आधीच सांगतो. एक तर हाताने तोडताना काडी मधोमध तुटते, रँडम नाही. आणि तोडायचे बिंदू कुणी कितीही इमानदारीने काढून दिले, तरी 100 काड्यांत 25 च्या जागी 19-20 त्रिकोण सहज येऊ शकतात. एवढ्यावर भांडण मिटत नाही. संगणकावर लाखभर वेळा करा:

```python
import random
n = 100000
k = 0
for i in range(n):
    x = random.random()
    y = random.random()
    a, b = min(x, y), max(x, y)
    if max(a, b - a, 1 - b) < 0.5:
        k += 1
print(k / n)
```

उत्तर 0.25 च्या आसपास येतं, फरक पडला तर तिसऱ्या दशांशात. आता `y` ची ओळ `y = random.uniform(x, 1)` अशी करा. लगेच 0.193. दोन्ही बाजूंची उत्तरं एका ओळीच्या फरकाने पडद्यावर आली तेव्हा मला जे समाधान झालं, ते लपवत नाही.

कुणाचा प्रोग्रॅम तपासायचा असेल तर त्रिकोण मोजण्याआधी तिन्ही तुकड्यांच्या सरासरी लांब्या छापून घ्या. प्रश्न जसा विचारलाय तसाच सोडवला असेल तर तिन्ही 0.33 येतात. 0.50, 0.25, 0.25 आल्या की समजा, कुणीतरी "उरलेल्या भागात" केलंय.

क्लासने नंतर सुधारित प्रत काढली. उत्तर 0.25 केलंय. वरची सोडवणूक जुनीच आहे, शेवटच्या ओळीत ln 2 − 1/2 = 0.25 असं छापून मोकळे झालेत.

एक राहिलं. परीक्षेत प्रश्न "काठी एकदा तोडली, मग मोठा तुकडा पुन्हा तोडला" असा आला, तर उत्तर 1/4 लिहू नका. तिथे दुसरा बिंदू मोठ्या तुकड्यातच पडतो, म्हणून शक्यता s भागिले (1 − s) होते आणि तिची सरासरी 2 ln 2 − 1, म्हणजे साधारण 0.386. नोट्समधल्या 0.193 च्या बरोबर दुप्पट, कारण नोट्सची रीत निम्म्या वेळा लहान तुकडाच तोडत बसते.